आठवा ‘जेंटल रिमाइंडर’ पाठवण्याआधी

प्रश्न : मी पुण्यात पॅकेजिंग डिझाईनचं काम करते. एका मसाले कंपनीसाठी बारा लेबलं केली. ५ जूनला ८४,००० रुपयांचं बिल व्हॉट्सॲपवर पाठवलं. कोटेशनमध्ये तीस दिवसांची मुदत होती आणि ते त्यांनी ईमेलवर मान्य केलं होतं. मुदत संपल्यापासून त्यांच्या मार्केटिंगच्या सरांना सात वेळा लिहिलं. आधी “सर, जेंटल रिमाइंडर 🙏”, मग “सर, पेमेंटचं बघा ना प्लीज”, आणि परवा रागाच्या भरात “दोन महिने झाले, हे बरोबर नाही.” उत्तर दर वेळी एकच : “हो मॅडम, बघतो.” लेबलं बाजारात आली आहेत आणि आता दिवाळीच्या गिफ्ट बॉक्सचं कामही मलाच देऊ म्हणताहेत. कडक लिहिलं तर क्लायंट जाईल, नाही लिहिलं तर पैसे जातील. सौम्यपासून कडकपर्यंत अशी क्रमवार पत्रं कशी लिहू?
— एक डिझायनर, पुणे

उत्तर :

तुमचे सातही मेसेज एकाखाली एक ठेवून वाचा. एकच मेसेज सात वेळा गेलाय. सूर तेवढा बदलत गेला, आधी नम्र, मग काकुळतीचा, मग चिडका. मागणी मात्र प्रत्येक वेळी तीच, “बघा”. आणि “बघा ना” याला “हो, बघतो” हे पुरेपूर उत्तर आहे. सर तुम्हाला टाळत असतीलही, पण तुम्ही जे विचारलं त्याचं उत्तर त्यांनी दर वेळी दिलं. शिवाय मेसेजमध्ये बिल नंबर नाही, रक्कम नाही, देय तारीख नाही. सरांनी तो मनापासून अकाउंट्सला पुढे ढकलायचा म्हटला असता, तरी ढकलण्यासारखं त्यात काही नव्हतं.

‘क्रमवार कडक’ म्हणजे आवाज हळूहळू चढवत नेणं, असं तुम्ही धरून चालला आहात. वसुलीची पत्रं लिहिणारी मुरलेली माणसं आवाज चढवत नाहीत. त्यांच्या पत्रागणिक बदलतं ते एवढंच : पत्र कोणाला जातं, कोणत्या मार्गाने जातं, त्यात नेमकं काय विचारलेलं असतं, आणि उत्तर आलं नाही तर कोणत्या तारखेला काय होईल. भाषा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी सभ्य राहू शकते, राहावीच. “हे बरोबर नाही” हे तुमचं सगळ्यात चिडकं वाक्य होतं, आणि तितकंच बिनधोकही. ते वाचून समोरच्याला काहीच करावं लागत नाही.

दुसरं गृहीतक असं, की पैसे सरांच्या हातात आहेत. मध्यम आकाराच्या कारखान्यात मार्केटिंगचा माणूस काम मंजूर करतो, पैसे सोडत नाही. बिल आधी अकाउंट्समध्ये नोंदवलं जातं. नोंद व्हायला त्यांना पीओ, म्हणजे खरेदी आदेशाचा नंबर लागतो, काम मिळाल्याची सही लागते, आणि तुम्ही नवीन असाल तर व्हेंडर म्हणून तुमचं खातं उघडावं लागतं. त्यासाठी पॅन, रद्द केलेला चेक आणि असेल तर लघुउद्योग म्हणून नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र. मग ते बिल देय यादीत येतं. बऱ्याच ठिकाणी पेमेंटचे दिवस ठरलेले असतात, महिन्याच्या १० आणि २५ तारखेला म्हणा, आणि यादीवर शेवटची सही मालकांची किंवा फायनान्स बघणाऱ्यांची. तुमचं बिल व्हॉट्सॲपवर एका माणसाच्या फोनमध्ये पडलं. ते या साखळीत शिरलं तरी का, हे तुम्हाला आज ठाऊक नाही. दोन महिने तुम्ही ज्याला टाळाटाळ समजताय ती कदाचित नोंदच न झालेल्या बिलाची गोष्ट असेल. कदाचित नसेलही. पण हे कळल्याशिवाय कडक पत्र लिहिलं, तर ते चुकीच्या माणसावर चुकीच्या कारणासाठी जाईल.

हे तपासायची एक सोय तुमच्याकडेच आहे. व्यावसायिक शुल्कावर कंपनी दहा टक्के टीडीएस कापते, आणि नियमाप्रमाणे तो प्रत्यक्ष पैसे देताना किंवा हिशेबात तुमच्या नावे रक्कम जमा दाखवताना, यांपैकी जे आधी होईल तेव्हा कापावा लागतो. म्हणजे पैसे मिळालेले नसताना आयकर पोर्टलवर तुमच्या २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावे कापलेल्या कराच्या पत्रकात, त्या कंपनीच्या नावाने ८,४०० रुपयांची कपात दिसली, तर तुमचं बिल त्यांच्या वहीत चढलेलं आहे. मग “बिल मिळालंच नाही” आणि “काम पसंत नव्हतं” या दोन्ही सबबी उरत नाहीत. एप्रिल ते जूनच्या तिमाहीचं टीडीएस विवरण ३१ जुलैपर्यंत भरायचं असतं, त्यामुळे ऑगस्ट सरता सरता ही नोंद दिसायला हवी. नाही दिसली म्हणून बिल नोंदलेलंच नाही असा निष्कर्ष मात्र काढू नका. विवरण उशिरा भरणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत.

आता पत्रांकडे. बिलाच्या दिवसापासून नीट सुरुवात केली असती तर मालिका कशी असती ते आधी सांगतो, कारण दिवाळीच्या कामाला तुम्हाला हीच लागणार आहे. मग तुमची सध्याची अडचण.

पहिलं पत्र पैशांचं नसतंच. बिल दिल्यावर दोन-तीन दिवसांत ते जातं आणि फक्त पोच मागतं :

> “नमस्कार सर, बिल क्र. १४, दि. ५ जून, रु. ८४,००० सोबत जोडलं आहे. बिल अकाउंट्सकडे पोचलं का, आणि नोंदीसाठी पीओ नंबर, पॅन किंवा आणखी काही कागद लागतो का, एवढं कळवाल? अकाउंट्समध्ये हे कोण बघतं त्यांचा ईमेल मिळाला तर पुढचा पत्रव्यवहार त्यांच्याशी करेन, तुम्हाला त्रास नको.”

याला कोणाचीच हरकत नसते. आणि यातूनच अकाउंट्सचा पत्ता मिळतो, जो पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा पाया आहे.

दुसरं मुदतीच्या चार-पाच दिवस आधी, थेट अकाउंट्सला. “बिल क्र. १४ ची देय तारीख ५ जुलै आहे. टीडीएस वजा जाता ७५,६०० रुपये जमा होतील असं धरते. हे कोणत्या तारखेच्या पेमेंटमध्ये घेतलं आहे?” इथे दोन गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. हातात येणारी नेमकी रक्कम आधीच सांगितली, म्हणजे नंतर “आमच्या हिशेबात आकडा वेगळा येतोय” म्हणून आठवडा जात नाही. आणि प्रश्न ‘मिळेल का’ असा नाही, ‘कोणत्या तारखेला’ असा आहे. “बघतो” हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

तिसरं मुदत संपल्यावर दोन-तीन दिवसांनी. दोन ओळी, आरोप नाही, विसरलं असेल असं गृहीत धरून : “बिल क्र. १४ चे ७५,६०० रुपये ५ जुलैला देय होते, अजून जमा झालेले दिसत नाहीत. पाठवले असतील तर यूटीआर नंबर कळवा, मी बँकेत तपासते. नसतील तर पुढची तारीख कळवा.” यूटीआर, म्हणजे बँकेच्या व्यवहाराचा क्रमांक मागणं, ही या पत्रातली कामाची गोष्ट. पैसे गेले असतील तर नंबर दोन मिनिटांत येतो. नंबर न देता नुसतं “झालेत बहुतेक” असं उत्तर आलं, तर झालेले नाहीत.

चौथं आणखी आठवड्याभराने, आणि आधी फोन. लिहून जे कळत नाही ते फोनवर कळतं : बिल मंजुरीला अडकलंय, कागद कमी आहेत, की पैशांचीच ओढाताण आहे. अकाउंट्समधला माणूस बरेचदा सरळ सांगतो, “अहो ताई, वरून सही झाली नाही.” फोन ठेवल्यावर लगेच त्याच दिवशी ईमेल : “आत्ता बोलल्याप्रमाणे बिल मंजुरीसाठी सरांकडे आहे आणि २५ जुलैच्या यादीत येईल. माझी समजूत चुकत असेल तर कळवा.” नुसतं बोलणं हवेत विरतं, या ईमेलने ते कागदावर येतं. हीच पायरी लोक सगळ्यात जास्त गाळतात.

पाचवं, मुदत उलटून तीन-चार आठवडे झाल्यावर, मालकांना किंवा फायनान्स बघणाऱ्यांना, अकाउंट्स आणि सर प्रतीत. त्यात आधीच्या पत्रांच्या तारखा, ठरलेली आणि हुकलेली तारीख, एक नवी अंतिम तारीख, आणि ती हुकली तर तुमच्या हातात असलेली एक गोष्ट : नवीन काम थांबेल. सहावं म्हणजे कायद्याचा हवाला देणारं शेवटचं पत्र. त्याच्याकडे सविस्तर येतो.

तुम्ही आज यातल्या कोणत्या पायरीवर आहात? तारखेने पाचव्यावर, मजकुराने पहिल्यावर. त्यामुळे आता परत “पोच कळवा” पासून सुरुवात करता येणार नाही, आणि थेट शेवटचं पत्रही पाठवू नये, कारण मालकांच्या दृष्टीने तुम्ही अजून एकही पत्र पाठवलेलं नाही. पाच पायऱ्या दोन पत्रांत दाबून बसवायच्या आणि तिसरं शेवटचं. त्यासाठी २ सप्टेंबर ते २२ सप्टेंबर असे साधारण तीन आठवडे धरा.

२ सप्टेंबरला सकाळी अकाउंट्सला फोन करा. नंबर नसेल तर कंपनीच्या बोर्डवर फोन करून “व्हेंडर पेमेंट कोण बघतं” एवढंच विचारा. ते सांगतील ते लिहून घ्या आणि तासाभरात हे ईमेल अकाउंट्सला, सर प्रतीत, बिल आणि मान्य झालेलं कोटेशन जोडून :

> “विषय : बिल क्र. १४, रु. ८४,०००, देय ५ जुलै — पेमेंटच्या तारखेबाबत
>
> नमस्कार,
> मसाल्यांच्या बारा लेबलांच्या कामाचं वरील बिल मी ५ जूनला सरांकडे व्हॉट्सॲपवर दिलं होतं. ते आपल्या विभागापर्यंत पोचलं नसण्याची शक्यता आहे, म्हणून आता मान्य झालेल्या कोटेशनसह थेट पाठवत आहे. टीडीएस वजा जाता देय रक्कम रु. ७५,६००.
>
> कृपया ५ सप्टेंबरपर्यंत दोन गोष्टी कळवा : नोंदीसाठी कोणता कागद कमी आहे का, आणि नसेल तर पैसे कोणत्या तारखेला जमा होतील. यापुढे या बिलाबाबत मी ईमेलवरच लिहीन, म्हणजे नोंद एका जागी राहील.”

लक्षात घ्या, यात दोन महिन्यांचा राग कुठेच नाही. उलट त्यांना तोंड लपवायला जागा दिली आहे, “पोचलं नसण्याची शक्यता”. ज्याच्याकडून पैसे हवेत त्याला अशी वाट ठेवणं फायद्याचं असतं. त्या वाटेने तो बाहेर आला की पैसे आधी निघतात. शेवटच्या वाक्याने तुम्ही व्हॉट्सॲपवरून उतरता. त्या वाक्यानंतर तिथे 🙏 पाठवायचा नाही. सरांनी तिथे “मॅडम, बघतो” लिहिलं तर उत्तर एकच, “ईमेलवर तारीख कळवा सर.”

५ तारीख उलटली आणि उत्तर नाही, किंवा तारीख मिळाली आणि हुकली, तर ११ सप्टेंबरला मालकांना लिहायचं :

> “नमस्कार,
> आपल्या कंपनीसाठी केलेल्या बारा लेबलांच्या कामाचे रु. ७५,६०० (बिल क्र. १४, टीडीएस वजा जाता) ५ जुलैपासून बाकी आहेत. काम मंजूर होऊन लेबलं वापरात आली आहेत. मुदत संपल्यानंतरचे माझे मेसेज, २ सप्टेंबरचा फोन आणि त्याच दिवशीचं ईमेल, यांतून पेमेंटची तारीख मिळालेली नाही.
>
> १९ सप्टेंबरपर्यंत रक्कम जमा व्हावी ही विनंती. एकदम देणं शक्य नसेल तर हप्त्यांचं वेळापत्रक त्याआधी लेखी कळवावं, मी विचार करेन. दिवाळीच्या बॉक्सच्या कामाला मला आनंदच आहे. या बिलाचा निकाल लागल्यावर मी ते सुरू करू शकेन.”

क्लायंट जाईल ही तुमची भीती याच पत्राला चिकटलेली आहे, म्हणून इथे थोडं थांबू. दिवाळीचं काम तुम्हाला देऊ करणं ही त्यांची मेहेरबानी आहे असं तुम्ही वाचताय. त्यांच्या बाजूने पाहा : बारा लेबलांच्या फाईली, रंगांचे क्रमांक, छापखान्याशी झालेलं बोलणं सगळं तुमच्याकडे आहे, आणि दिवाळीच्या बॉक्सला छपाई, डाय-कटिंग आणि पेस्टिंगला वेळ लागतो. सप्टेंबरमध्ये नवा डिझायनर शोधणं त्यांना जड जाईल. हे वाक्य म्हणजे धमकी नाही, कामाचा क्रम आहे, आणि आज तुमच्या हातातला तोच सगळ्यात मोठा जोर आहे. उलट, ते जर म्हणाले, “बॉक्स करून द्या, दोन्ही बिलं एकदम काढतो,” तर नम्रपणे नाही म्हणा. तसं केलंत की थकबाकी ८४ हजारांची दीड-दोन लाखांची होते आणि जोर त्यांच्याकडे जातो. एक बिल थकवून दुसरं काम करून घेणारा क्लायंट सांभाळण्यात नेमकं काय सांभाळलं जातं, तेही एकदा कागदावर मांडून पाहा.

हप्त्यांची वाट मी मुद्दाम ठेवली. पैशांची ओढाताण खरी असेल तर २५,२०० रुपयांचे तीन हप्ते, तारखांसह, त्यांच्या ईमेलवरून आलेले, हे तुम्हाला एका मोठ्या आश्वासनापेक्षा बरे. पहिला हप्ता त्याच आठवड्यात हवा. वेळापत्रक पुढच्या महिन्यापासून सुरू होत असेल तर ते वेळापत्रक नाही. आणि हप्ता स्वीकारताना कळवा, “बिल क्र. १४ पोटी २५,२०० मिळाले, बाकी ५०,४००.” नाहीतर पुढे “आपलं तेवढ्यात ठरलं होतं ना?” हा संवाद ठरलेला. बाकी मान्य करणाऱ्या लेखी उत्तराचा आणखी एक उपयोग आहे. दिवाणी दाव्याची मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षं असते; मुदतीच्या आत देणेकऱ्याने सही करून देणं मान्य केलं, तर ती तिथून नव्याने मोजली जाते.

आता शेवटचं पत्र. ते लिहिण्याआधी एक गोष्ट तपासा : तुमची उद्यम नोंदणी आहे का, आणि ती या कामाच्या आधीची आहे का. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ मधलं थकीत पैशांचं संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे. डिझाईनसारखी सेवा देणारे त्यात येतात. नुसता खरेदी-विक्रीचा व्यापार करणारे उद्यम नोंदणी असूनही या बाबतीत येत नाहीत. नोंदणी काम झाल्यानंतरची असेल तर ती जुन्या बिलाला लागू होते का, यावर न्यायालयांतच वाद झाले आहेत, तेव्हा अशा वेळी वकिलाला विचारल्याशिवाय पत्रात या कायद्याचा हवाला देऊ नका. उद्यमची नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. नसेल तर आजच करा, निदान दिवाळीच्या बिलाला ती आधीची ठरेल.

नोंदणी आधीची असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेपर्यंत, पण काम स्वीकारल्यापासून कमाल ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. लेखी मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवसांत. तुमचं कोटेशन त्यांनी ईमेलवर मान्य केलं, म्हणजे तीस दिवस लेखी ठरलेले आहेत. (नुसती बिलाच्या तळाशी छापलेली मुदत एकतर्फी ठरू शकते, ती मान्यता घेतलेल्या कोटेशनमध्येच हवी.) काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. म्हणजे शेवटच्या पत्रानंतर अचानक “रंग मनासारखे नव्हते” असं उत्तर आलं, तर तुम्ही विचारायचं, ती हरकत लेखी कोणत्या तारखेला कळवली होती? वसुलीचं पत्र गेलं की कामात दोष सापडू लागणं ही या धंद्यातली जुनीच साथ आहे.

मुदत उलटल्यावर कायद्याने व्याजही लागतं : रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने. समजा बँक रेट ५.५ टक्के आहे, तर वर्षाला १६.५ टक्के, म्हणजे महिन्याला १.३७५ टक्के. ८४,००० वर पहिल्या महिन्याचे १,१५५ रुपये, दुसऱ्या महिन्याचे ८५,१५५ वर १,१७१; दोन महिन्यांचे २,३२६. रक्कम डोळे फिरवणारी नाही, पण पत्रात ती मांडली की वाचणाऱ्याला कळतं, या बाईंनी हिशेब केलाय. पाठवण्याच्या दिवशीचा बँक रेट रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरून बघून आकडा बदला.

> “विषय : बिल क्र. १४ — अंतिम मागणी
>
> महोदय,
> दि. ११ सप्टेंबरच्या पत्रात कळवलेली १९ सप्टेंबरची तारीख उलटली असून वरील बिलाचे रु. ८४,००० (टीडीएस वजा जाता ७५,६००) आजही बाकी आहेत.
>
> माझा व्यवसाय सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेला आहे. प्रमाणपत्र सोबत आहे. २००६ च्या अधिनियमाच्या कलम १५ नुसार ठरलेल्या मुदतीत पैसे देणं बंधनकारक असून कलम १६ नुसार ६ जुलैपासून व्याज लागू होतं. ५ सप्टेंबरपर्यंतच्या व्याजाचा तक्ता जोडला आहे.
>
> ७ ऑक्टोबरपर्यंत मूळ रक्कम जमा झाल्यास मी व्याजाची मागणी करणार नाही. त्या तारखेनंतर कलम १८ नुसार सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे व्याजासह अर्ज करेन. काही शंका असल्यास त्याआधी माझ्याशी बोलावं.”

२२ सप्टेंबरला हे ईमेलनेही पाठवा आणि कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोस्टाने पोचपावतीसहही. व्याज सोडण्याची तयारी दाखवलीत ती दुबळेपणाची नाही. त्यांच्या अकाउंट्सवाल्याला मालकांसमोर “आत्ता दिलं तर एवढे वाचतात” असं म्हणता यावं, म्हणून आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो. केंद्र सरकारचं ‘समाधान’ पोर्टल २०१७ मध्ये याचसाठी सुरू झालं. अर्ज तुमच्या भागाच्या परिषदेकडे चालतो, खरेदीदार भारतात कुठलाही असो. कायद्यात निकालाला ९० दिवस लिहिलेत, प्रत्यक्षात बरेचदा जास्त लागतात. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला तो न्यायालयात उलटवायचा असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. त्यामुळे हे पत्र कंपनीच्या सीएपर्यंत पोचलं की तोच बरेचदा “देऊन टाका” म्हणतो.

सीएला आणखी एक गोष्ट टोचते. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये उपकलम एच आलं आणि ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं : सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे वर सांगितलेल्या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येतो. हे अनेक जण प्रत्येक पत्रात घुसडतात. पण सप्टेंबरमध्ये त्याला फारसा अर्थ नाही, कारण ३१ मार्चच्या आत कधीही पैसे दिले तरी त्यांची वजावट त्याच वर्षात शाबूत राहते. हा मुद्दा फेब्रुवारी-मार्चसाठी राखून ठेवावा, आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेले असल्याने क्रमांक आपल्या सीएकडून घ्यावा. चुकीचं कलम लिहिलेलं पत्र समोरचा सीए हसून बाजूला ठेवतो. जीएसटी नोंदणी असलेल्या वाचकांना मात्र वर्षभर उपयोगी पडणारा मुद्दा वेगळा आहे : बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला त्या बिलावर घेतलेलं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. मुदत भरत आली असेल तर पाचव्या पत्रात त्याची एक ओळ पुरते.

पत्रं कशाने बिघडतात तेही सांगतो. सगळ्यात जास्त बिघाड होतो तो परत खाली उतरल्याने. अंतिम पत्र सोमवारी गेलं आणि बुधवारी मन खाऊ लागलं म्हणून व्हॉट्सॲपवर “सॉरी सर, त्रास दिला” असं लिहिलं, की अंतिम हा शब्द पुसला गेला आणि पुढचं प्रत्येक पत्र त्याच भावाने वाचलं जाणार. दुसरा बिघाड, न पाळलेली तारीख. ७ ऑक्टोबर लिहिलंत तर ८ ला अर्ज भरायला बसलं पाहिजे. जमणार नसेल तर ते वाक्य लिहूच नका, पाचव्या पत्रावर थांबा आणि काम बंद ठेवा; तेही पुरेसं बोलतं. आणि बदनामीची, पोलिसांची किंवा त्यांच्या वितरकांना कळवण्याची भाषा कोणत्याच पायरीवर नको. त्याने पैसे येत नाहीत, उलट त्यांच्या वकिलाला तुमच्याविरुद्ध लिहायला मजकूर मिळतो.

वेळेबाबत एवढंच : पत्र आठवड्याच्या सुरुवातीला सकाळी जावं आणि त्यांच्या पेमेंटच्या दिवसाच्या चार-पाच दिवस आधी पोचावं. १० तारखेची यादी ९ ला संध्याकाळी बंद झालेली असते. १० ला पाठवलेलं कितीही नेमकं पत्र २५ तारखेचंच होतं. दोन पत्रांत आठवड्याहून कमी अंतर नको. त्यांना हलायला तेवढा वेळ लागतो, आणि रोज येणारं पत्र वाचायची सवय सुटते.

दिवाळीच्या कामाच्या कोटेशनमध्ये चार ओळी वाढवा आणि ईमेलवर मान्यता घेतल्याशिवाय पेन्सिल उचलू नका : निम्मे पैसे आगाऊ, उरलेले छपाईची फाईल देण्याआधी, ओपन फाईल पूर्ण पैसे आल्यावरच, आणि बिल अकाउंट्सच्या अमुक ईमेलवर जाईल. आगाऊ रकमेसाठी वेगळं, छोटं बिल द्या. ते किती दिवसांत निघतं त्यावरून उरलेल्या निम्म्याचा अंदाज तुम्हाला काम हाताबाहेर जायच्या आधीच येईल. जुने पैसे जमा झाले की त्याच दिवशी अकाउंट्सला एका ओळीत पोच द्या, व्याज सोडल्याचं त्यातच लिहा, आणि ८,४०० चा टीडीएस २६एएसमध्ये चढला का, ते पुढच्या तिमाहीत एकदा बघून घ्या.